बाप 'चालवतात' अन् माय 'जाते'? : पहिल्यांदा माइक धरणाऱ्यांसाठी

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी झेंडावंदन, मग हॉलमध्ये भाषणं, सत्कार, बक्षिसं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं, कारण मराठी शिकवणारा मी एकटाच. पुढ्यातली यादी अशी होती : ऐंशी ओलांडलेले निवृत्त गुरुजी अध्यक्ष, तिशीच्या आतल्या तहसीलदार मॅडम पाहुण्या, दुसऱ्या गावी शिकवणारा माझा वर्गमित्र वक्ता, निबंधात पहिली आलेली अकरावीची मुलगी आणि तिचे आईवडील, आणि त्या महिन्यात निवृत्त होणारे आमचे मामा. कॉलेजातल्या शिपायाला आमच्याकडे मामाच म्हणतात, वय काहीही असो.

माइकवर कुणाला 'तो-ती' म्हणायचं अन् कुणाला 'ते-त्या', हा खरा प्रश्न होता. गुरुजींचं आणि मॅडमचं अवघड नव्हतं. मॅडम माझ्यापेक्षा लहान होत्या, पण माइकवर वय नाही, पद बोलतं. माझी गाडी घसरली ती मित्रापाशी. मी ऐटीत सुरुवात केली, 'माझे मित्र आणि अभ्यासू वक्ते आज आपल्यात आले आहेत.' पुढचं वाक्य निघालं, 'त्याने लहानपणापासून खूप हाल सोसले.' मग सावरायला, 'त्यांचं शिक्षण इथंच झालं,' आणि लगेच, 'आज तो आपल्याशी बोलणार आहे.' चार वाक्यांत एका माणसाचे दोन झाले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला विचारलंसुद्धा, 'वक्ते किती जण हायेत?'

ही चूक पहिल्या वाक्यात सहसा होत नाही. तिथं नाव असतं, पदवी असते, आपण सावध असतो. ती दुसऱ्या वाक्यात होते, कारण तिथं नाव जाऊन सर्वनाम येतं आणि जीभ रोजच्या सवयीवर जाते. म्हणून आता मी संहिता लिहून झाली की पेन्सिलनं फक्त 'तो, ती, त्याने, तिला, याचा, आला, गेली' एवढेच शब्द गोल करतो. एका माणसाच्या परिचयात गोल केलेला एक जरी शब्द 'त्यांनी, आले'च्या मधोमध बसलेला दिसला, तर तिथं घसरायचं ठरलेलं.

गोल करता करता एक गोष्ट ध्यानात आली, तीच नवख्यांना आधी सांगतो. मराठीत आदर दरवेळी क्रियापदावर बसत नाही. 'गुरुजी आले', 'मुलगी आली' इथं तो क्रियापदावर आहे. पण 'गुरुजींनी शाळा काढली', 'मुलीने निबंध लिहिला' इथं क्रियापद शाळेच्या आणि निबंधाच्या मागं चालतं. माणसाचा मान फक्त 'नी' आणि 'ने' यांच्यात उरतो. आणि 'यावं, बसावं, स्वीकारावा' ही रूपं तर सगळ्यांना सारखीच. 'गुरुजींनी मंचावर यावं', 'कुमारी अमुक हिने मंचावर यावं'. शेवटचा शब्द तोच, बदललं ते फक्त 'हिने'. म्हणून कुणाला काय म्हणावं असा पेच पडला, की वाक्य 'यावं'वर नेऊन टाकायचं. मग चुकायला जागा एकच उरते, नावाच्या मागचा तो एक शब्द, आणि तेवढा पाठ करता येतो. 'येत आहे', 'बोलणार आहे', 'करते' असली रूपं मात्र उघडी पाडतात. बावचळलेल्या माणसानं त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मित्राला काय म्हणायचं? माझं मत सरळ आहे : माइकवर 'ते'च. जवळीक दाखवायची तर ती नात्याच्या शब्दात दाखवा. 'माझे वर्गमित्र' म्हटलं की लोकांना कळतं. चहाच्या वेळी काय 'अरे-तुरे' करायची ती करा. 'जवळच्याला अहो-जाहो केलं की परकं वाटतं' असं तो मित्रच मला म्हणाला होता. पण हॉलमधल्या पोरांना आमची दोस्ती माहीत नसते. त्यांना एवढंच दिसतं, की सगळ्या पाहुण्यांत एकालाच 'तो' म्हटलं.

उलट गुरुजी भाषणात तहसीलदार मॅडमना म्हणाले, 'ही आमची पोरगी, माझ्या हाताखाली शिकली.' हॉल टाळ्यांनी दणाणला, मॅडमचे डोळे भरले. मला चेव आला आणि आभाराआधी मी म्हणालो, 'गुरुजींच्या या पोरीने...' टाळी सोडाच, प्राचार्य माझ्याकडे बघत राहिले. गुरुजींचं एकेरी हे गुरुजींचं. ते उसनं घेता येत नाही.

पण खरी चपराक मामांनी दिली. मुलीचा परिचय देताना मी म्हणालो होतो, 'हिचे वडील ऑटो चालवतात, आई रोजानं शेतात जाते. तिनेही पुढं यावं.' माझ्या कानाला त्यात काहीच खटकलं नाही. संध्याकाळी खुर्च्या आवरताना मामा म्हणाले, 'सर, बाप चालवतात अन् माय जाते काय?' मी मराठीचा माणूस, लगेच शिकवायला लागलो : आई एकेरीच असते, घरोघरी 'बाबा आले, आई आली' असंच म्हणतात. मामा म्हणाले, 'तिच्या लेकरानं म्हणावं की. तुमची ती कोण लागती?'

याला उत्तर नव्हतं. आणि दुरुस्तीही वाटते तेवढी सोपी नाही. 'आई जातात' हे मराठी कानाला चमत्कारिक लागतं, 'मातोश्री' म्हटलं की लग्नपत्रिका वाचल्यासारखं होतं. मी बरीच खाडाखोड करून शेवटी हे वाक्य पक्कं केलं : 'आईवडील दोघंही कष्टाची कामं करतात, ते ऑटो चालवतात, त्या शेतात जातात. कुमारी अमुक हिने आईवडिलांना सोबत घेऊन मंचावर यावं.' 'आईवडील' हा जोडशब्द अनेकवचनच मागतो, आणि मग मागून येणारं 'त्या' अवघडत नाही.

लहानांचं थोडक्यात. बारावीपर्यंत मी 'हिने, याने' म्हणतो, पदवीच्या मुलांना 'यांनी'. मुलगे आणि मुली यांच्यात फरक नाही. आणि बक्षिसांच्या एका यादीत एकच रूप. एका वर्षी वक्तृत्वात दुसरा नंबर चाळिशीतल्या एका बहिःस्थ विद्यार्थिनीचा आला. पहिल्या नंबराला 'हिने' आणि दुसऱ्याला 'यांनी' असं ऐकून लोक हसले असते, म्हणून ती अख्खी यादी 'यांनी'नं वाचली. लहान पोरांना उलट मजा वाटली.

'सौ.' की 'श्रीमती' हे मात्र अंदाजानं ठरवू नका. सरकारी कागदावर सगळ्याच बायका श्रीमती असतात, पण आमच्याकडे अनेक जणी तो शब्द विधवेसाठीच धरतात. कार्यक्रमाआधी विचारून घ्या, किंवा दोन्ही गाळून नुसतं नाव आणि 'यांनी' म्हणा.

आता आभाराचा कागद. तिथं मला सगळ्यात जास्त गोल सापडतात. 'प्राचार्यांनी मार्गदर्शन केलं, पाहुण्यांनी वेळ दिला, मंडपवाल्याने मंडप टाकला, माइकवाल्याने साथ दिली.' क्रियापदं सगळी निर्दोष; 'नी'चा 'ने' कुठं झाला तेवढं बघा. आता मी मंडपवाल्यांचं आणि माइकवाल्यांचं नाव आदल्या दिवशीच विचारून घेतो आणि त्यापुढं 'यांनी' लिहून ठेवतो.