एमएसचं नाव एकच, कोड वेगळा: अमेरिकेचा कोर्स निवडताना या चुका टाळा

अमेरिकेत एमएस केल्यावर ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने नोकरी करता येते. कोर्स तिथल्या सरकारच्या स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या यादीत बसत असेल, तर त्यावर आणखी २४ महिने मागता येतात. एक वर्ष की तीन वर्षं, हा फरक शैक्षणिक कर्ज काढून जाणाऱ्या घराला फार मोठा आहे. पुढे नोकरीत राहण्यासाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाची लॉटरी वर्षातून एकदाच निघते. ओपीटीचं एकच वर्ष हातात असलं, तर ती साधारण एकदाच खेळायला मिळते.

पहिली चूक: कोर्सच्या नावावर विसंबणं

कोर्स स्टेम आहे की नाही हे त्याच्या नावावरून ठरत नाही. ते सीआयपी कोडवरून ठरतं. हा सहा आकडी कोड विद्यापीठ प्रत्येक कोर्सला लावतं. त्यामुळे एकाच नावाच्या दोन कोर्सना दोन विद्यापीठांत वेगळे कोड असू शकतात.

समजा, मेकॅनिकल झालेली एक मुलगी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत प्लॅनिंगला आहे. तिला दोन विद्यापीठांतून सप्लाय चेन मॅनेजमेंटच्या एमएसची ऑफर आली. विषय जवळपास तेच, पण एकीकडची फी चार लाखांनी कमी. साहजिकच वडील म्हणतात, "नाव एकच आहे, मग स्वस्तातलं घे की." पण स्वस्त कोर्सचा कोड निघाला 52.0203, म्हणजे लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेन. हा यादीत नाही. दुसऱ्या विद्यापीठानं आपल्या कोर्समधला गणिताचा आणि मॉडेलिंगचा भाग जास्त धरून 52.1301 लावलाय, म्हणजे मॅनेजमेंट सायन्स. तो यादीत आहे. चार लाख वाचवताना तिचे नोकरीचे २४ महिने जाणार होते. कर्जाचे हप्ते डॉलरच्या पगारातून फेडायचे असतील, तर ते चार लाख मी खुशाल जास्त भरेन.

अर्थशास्त्रातही असंच होतं. 45.0601 हे साधं अर्थशास्त्र यादीत नाही, पण 45.0603 हे इकॉनोमेट्रिक्स यादीत आहे. बिझनेस अ‍ॅनालिटिक्सचा 30.7102 यादीत आहे, पण सर्वसाधारण एमबीएला बहुधा लागणारा 52.0201 नाही.

दुसरी चूक: एजंटच्या कागदावरचं 'स्टेम' खरं मानणं

राजारामपुरीत बसलेल्या सल्लागाराची यादी जुनी असू शकते. कधी एकाच पदवीतल्या एका स्पेशलायझेशनचा कोड यादीत असतो आणि दुसऱ्याचा नसतो, पण माहितीपत्रकावर सरसकट 'स्टेम' छापलेलं असतं. म्हणून डिपॉझिट भरण्याआधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करा. त्यात कोर्सचं पूर्ण नाव, स्पेशलायझेशन आणि कुठल्या वर्षाचा प्रवेश हे लिहून सहा आकडी कोड मागा. 'हो, स्टेम आहे' एवढ्याच उत्तरावर थांबू नका, आकडा घ्या. मग `studyinthestates.dhs.gov` वर DHS STEM Designated Degree Program List उघडा आणि तो आकडा स्वतः शोधा. यादीत अधूनमधून भर पडते, म्हणून ताजीच पाहा.

तिसरी चूक: आय-२० न वाचणं

आय-२० हा विद्यापीठाकडून येणारा, व्हिसासाठी लागणारा कागद आला की घरचे नाव, जन्मतारीख आणि फीचे आकडे तपासतात. पहिल्याच पानावर प्रोग्रॅम ऑफ स्टडीच्या चौकटीत मेजर १ लिहिलेलं असतं आणि त्याच्याजवळ कोड असतो. तिथं कोर्सचं जाहिरातीतलं नाव नसतं, कोडचं अधिकृत नाव असतं. त्यामुळे नाव वेगळं दिसलं म्हणून घाबरू नका. ईमेलमध्ये मिळालेला आकडा आणि इथला आकडा जुळतो का, एवढंच पाहा. जुळत नसेल तर व्हिसाच्या मुलाखतीआधीच इंटरनॅशनल ऑफिसला कळवा.

चौथी चूक: 'आमचं बीई झालंय, ते चालेल'

हे चालत नाही. आधीच्या स्टेम पदवीवर ही मुदतवाढ मागता येते, पण ती पदवी अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थेची आणि गेल्या दहा वर्षांतली लागते. शिवाजी विद्यापीठाचं बीई कितीही चांगल्या मार्कांचं असलं तरी इथं धरत नाहीत.

पाचवी चूक: कोड मिळाला की तीन वर्षं पक्की समजणं

कोडमुळे फक्त अर्ज करायची पात्रता मिळते. कंपनी ई-व्हेरिफाय या कर्मचाऱ्यांची कामाची पात्रता तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंदलेली हवी. काम पगारी, आठवड्याला किमान २० तासांचं आणि पदवीच्या विषयाशी जोडलेलं हवं. कंपनीसोबत आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडाही भरावा लागतो. छोट्या कंपन्या पुष्कळदा ई-व्हेरिफायमध्ये नसतात, म्हणून पहिली नोकरी घेतानाच हे विचारा. अर्ज ओपीटी संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत करायचा असतो. ओपीटीची तारीख उलटली की कोड यादीत असूनही ही मुदतवाढ मागता येत नाही.