आयात बाटलीवरचं प्रूफ काढताना या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेडच्या परमिट रूममध्ये आता अमेरिकन बर्बन सर्रास दिसते. लेबलवर ४५ टक्के लिहिलेलं असतं आणि बाजूला ९० प्रूफ. हिशेब ठेवणारा माणूस तो ९० चा आकडा उचलतो आणि प्रूफ लिटर काढायला बसतो. चूक इथेच होते.

प्रूफ एक नाही, दोन आहेत. अमेरिकेत टक्केवारीची सरळ दुप्पट करतात, म्हणून ४५ चे ९० होतात. आपल्याकडे उत्पादन शुल्काच्या हिशेबात इंग्रजांच्या काळापासून ब्रिटिश प्रूफ चालत आलंय. त्यात १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के अल्कोहोल. त्यामुळे टक्क्यांना २ ने नाही, १.७५ ने गुणायचं. ४५ गुणिले १.७५ म्हणजे ७८.७५ प्रूफ. शंभराला जेवढं कमी पडलं तेवढं अंडर प्रूफ, म्हणजे इथे २१.२५ यूपी.

आता ७५० मिलीच्या १२ बाटल्यांची एक पेटी घ्या. एकूण माल ९ लिटर. ९ ला ०.७८७५ ने गुणलं की ७.०९ प्रूफ लिटर येतात. लेबलवरचे ९० धरले तर ८.१ येतात. एका पेटीमागे एक लिटरचा फरक! पेट्या वाढल्या की हा फरकही तेवढ्याच पटीने वाढत जातो. म्हणून मी तर म्हणेन, आयात बाटलीवर छापलेल्या प्रूफकडे बघूच नका, फक्त टक्केवारी घ्या. ती जगभर सारखीच असते.

दुसरी चूक यूपी वाचताना होते. २५ यूपी म्हणजे २५ प्रूफ नव्हे आणि २५ टक्केही नव्हे. ते ७५ प्रूफ. ७५ ला १.७५ ने भागलं की ४२.८ टक्के येतात. आपल्या देशी बनावटीच्या बाटल्यांवर ४२.८ टक्के छापलेलं असतं, ते इथूनच आलेलं. आपण लावलेलं गणित बरोबर आहे का, हे या एका बाटलीवर लगेच तपासता येतं. उत्तर ८५.६ आलं, तर तुम्ही अमेरिकन रीत धरली आहे.

जहाल रममध्ये उलटं होतं. ७५.५ टक्क्यांची रम अमेरिकन लेबलवर १५१ प्रूफ असते, आपल्या हिशेबात ती १३२ च्या आसपास. हे शंभराच्या वर गेलं, म्हणून ३२ ओव्हर प्रूफ. इथे घाईत शंभरातून वजा करायला गेलात तर उत्तर उणे येईल.

युरोपातल्या काही बाटल्यांवर नुसतं ४०° दिसतं. तिथे ते अंश म्हणजे टक्केच, त्याला प्रूफ समजून १.७५ ने भागू नका. थेट गुणा, ७० येईल, म्हणजे ३० यूपी.