डोक्यावरची जखम कोर्टात उलटते तेव्हा: दाखला आणि पीएम नोट्समधल्या या चुका टाळा

साक्षीदार शपथेवर सांगतो, "काठीने मारलं." ग्रामीण रुग्णालयाच्या दाखल्यात मात्र लिहिलेलं असतं, "कापलेली जखम, शस्त्र धारदार." खुनाच्या खटल्यात असं झालं की बचाव पक्षाला फार काही करावं लागत नाही. साक्षीदार तिथे नव्हताच, असं म्हणायला त्यांना डॉक्टरांचाच कागद पुरतो. प्रत्यक्षात साक्षीदार बहुतेक वेळा खरं सांगत असतो आणि चूक दाखल्यात असते.

एक नमुन्याचं प्रकरण धरू. बांधावरून भांडण होतं आणि संध्याकाळी सातला एकाच्या डोक्यात काठी बसते. साडेआठला त्याला ग्रामीण रुग्णालयात आणतात. ड्यूटीवरचे वैद्यकीय अधिकारी रक्त थांबवतात, पाच टाके घालतात आणि एमएलसी रजिस्टरमध्ये लिहितात: "इन्साइज्ड वुंड, डोक्यावर, 5 × 1 सेंमी, साधी, 24 तासांच्या आतली, धारदार शस्त्राने." पेशंटला जिल्हा रुग्णालयात पाठवतात, तिसऱ्या दिवशी तो दगावतो. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना टाके घातलेली जखम दिसते. पीएम नोट्सच्या कॉलम 17 मध्ये, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या जखमांच्या रकान्यात, ते तेवढंच लिहितात. कॉलम 19 मध्ये, म्हणजे डोक्याच्या आतल्या इजांच्या रकान्यात, कवटीचं फ्रॅक्चर आणि सबड्यूरल रक्तस्राव एवढी नोंद होते.

या एका ओळीच्या दाखल्यात चार दोष आहेत. पहिला सगळ्यांत महागात पडतो.

डोक्याची त्वचा हाडावर ताणलेली असते. त्यामुळे काठीच्या किंवा दगडाच्या माराने ती सरळ रेषेत फाटते आणि वरवर पाहता कोयत्याने कापल्यासारखी दिसते. फरक बघायचा असेल तर जखम स्वच्छ करून, केस कापून, भिंगातून कडा तपासाव्या लागतात. बोथट माराच्या जखमेत कडा ठेचलेल्या असतात, आत तळाशी पेशींचे बारीक धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणलेले राहतात आणि केसांची मुळं चिरडलेली दिसतात. धारदार शस्त्राने केस आणि ते धागे स्वच्छ कापले जातात. हे सगळं टाके घालण्याआधीच बघता येतं. टाके पडल्यावर कडा ओढून जुळवल्या जातात, पुढे सूजही येते आणि शवविच्छेदनाच्या डॉक्टरांना शस्त्राबद्दल खात्रीने फारसं सांगता येत नाही. म्हणून पहिल्या डॉक्टरांच्या चार ओळींना सगळ्यांत जास्त किंमत आहे. घाई असेल, तर निष्कर्ष सोडा आणि दिसलं ते लिहा: कडा कशा आहेत, खोली हाडापर्यंत आहे का, डोक्याच्या कोणत्या बाजूला आणि कोणत्या खुणेपासून किती सेंटीमीटरवर आहे. शक्य असेल तर मोजपट्टी ठेवून फोटो काढा.

दुसरा दोष "साधी" या शब्दाचा. सीटी स्कॅन झालेला नसताना डोक्याच्या जखमेला साधी म्हणणं बरोबर नाही. "स्वरूपाबाबत मत तपासणीनंतर" असं लिहायला काहीच हरकत नसते. गंभीर दुखापतीची व्याख्या आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये आहे. जुन्या कायद्यात नेहमीची कामं करता न येण्याची मुदत वीस दिवसांची होती, ती आता पंधरा दिवसांची आहे. जुना छापील नमुना वापरणाऱ्यांनी हे जरूर तपासावं.

"24 तासांच्या आतली" ही सवयीने लिहिली जाणारी ओळ आहे. दीड तासापूर्वीच्या, रक्त वाहत असलेल्या जखमेला तसं लिहिलं की सकाळचं कुठलंही पडणं-झडणं उलटतपासात पुढे आणता येतं. ताजी असेल तर ताजी लिहा, कशावरून ते लिहा.

चौथी गोष्ट, हकिकत कोणी सांगितली ते लिहिलेलंच नाही. पेशंट शुद्धीवर होता का? तो बोलला की भाऊ बोलला? जखमी स्वतः मारणाऱ्याचं नाव घेऊन गेला आणि पुढे वारला, तर तीच ओळ मृत्युपूर्व जबानी म्हणून पुढे येऊ शकते. उलट भावाने घाबरून "पडला" असं सांगितलं आणि तुम्ही ते पेशंटच्या नावावर लिहिलं, तर खटल्याचं नुकसान तुमच्या हातून झालेलं असतं.

आता शवविच्छेदनाकडे येऊ. आपल्या प्रकरणात बचाव पक्षाचा प्रश्न ठरलेला आहे: "डॉक्टर, ही जखम दगडावर पडल्याने होऊ शकते ना?" स्थिर डोक्यावर वार बसला तर मेंदूला इजा बहुधा जखमेच्या खालीच होते. धावतं किंवा कोसळतं डोकं जमिनीवर आपटलं तर ती अनेकदा विरुद्ध बाजूला दिसते. कॉलम 19 मध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंची नोंद असेल, तर डॉक्टर आधार देऊन उत्तर देऊ शकतात. फक्त "सबड्यूरल" लिहिलं असेल तर नुसतं "शक्य आहे" एवढंच म्हणावं लागतं. नसलेल्या गोष्टीही लिहा. "विरुद्ध बाजूला इजा नाही" ही ओळ दोन वर्षांनी फार उपयोगी पडते. टाके घातलेल्या जखमेसाठी आधीच्या रुग्णालयाचे केसपेपर आणि सीटी स्कॅन मागवा, ते आल्याशिवाय शस्त्रावर ठाम मत देऊ नका.

पोलिसांकडूनही इथे एक मोठी चूक होते. जप्त काठी सीलबंद पाठवून डॉक्टरांचं लेखी मत घ्यायचं राहून जातं. कोर्टातही मुद्देमाल डॉक्टरांना दाखवला जात नाही. हत्यार उपलब्ध असेल तर ते डॉक्टरांना दाखवून मत घेणं हे सरकार पक्षाचं आणि न्यायालयाचंही कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1976 च्या ईश्वर सिंग प्रकरणात बजावलं आहे. सरकारी वकिलांनी आणखी एक प्रश्न विसरू नये: ही इजा सामान्यतः मृत्यू घडवून आणण्यास पुरेशी होती का? हे मत रेकॉर्डवर नसेल तर खुनाचं कलम टिकवणं जड जातं.

साक्षीच्या पिंजऱ्यात दोन शब्द जपून वापरावे लागतात, "शक्य" आणि "अशक्य". 1983 च्या सोळंकी चिमणभाई प्रकरणापासून सूत्र असं आहे की वैद्यकीय पुरावा साधारणपणे पूरक असतो. साक्षीदार सांगतो तशी जखम होणं मुळातच अशक्य ठरलं, तरच वैद्यकीय मतामुळे त्याची साक्ष बाजूला पडते. त्यामुळे आधाराशिवाय "काठीने होणार नाही" म्हणणं अन्यायाचं आहे. तसंच प्रत्येक सूचनेला नुसतं "शक्य आहे" म्हटलं की जबाबात ती कबुली म्हणून उतरते. आपल्या प्रकरणात पहिल्या डॉक्टरांचं प्रामाणिक उत्तर असं असेल: "मी कडा भिंगाने तपासल्याची नोंद नाही. डोक्यावर बोथट माराने अशी दिसणारी जखम होते, म्हणून धारदार हे माझं मत ठाम मानता येणार नाही." चुकीच्या मताला चिकटून बसण्यापेक्षा हे न्यायाला उपयोगी असतं. ते सांगताना रजिस्टर बघायला न्यायालयाची परवानगी मागा. आठवणीतून नवीन तपशील घालू नका, तो उलटतपासात टिकत नाही.

पुस्तकातला उतारा दाखवून "हे मान्य आहे का?" असं विचारलं, तर पान हातात घ्या, मागचा-पुढचा परिच्छेद वाचा आणि मगच बोला. आरोपीने अहवालाचा खरेपणा मान्य केला तर डॉक्टरांना बोलावलंही जात नाही. पीएम रिपोर्ट मग थेट पुरावा म्हणून वाचता येतो, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने 1981 मध्ये ठरवलं आहे. तिथे खुलासा करायला कोणी उभं नसतं, फक्त कॉलम 17 आणि 19 असतात.

जबाब संपल्यावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचा. "होऊ शकते" च्या जागी "झाली" उतरलं असेल, किंवा तुमचं "परंतु" गळलं असेल, तर तिथेच न्यायाधीशांना सांगून दुरुस्त करून घ्या.