ओठांचे कोपरे चिरतात, जीभ गुळगुळीत होते: गोळी सुरू करण्याआधी काय तपासावे

तोंड आले की बहुतेक जण औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणतात. आठवड्याभरात बरे वाटते, म्हणून विषय तिथेच संपतो. पण ओठांचे कोपरे पुन्हा पुन्हा चिरत असतील आणि त्याच वेळी जीभही गुळगुळीत होऊन झोंबत असेल, तर गोळी घेण्याआधी रक्त तपासायला द्या. हा क्रम उलटला की निदान कठीण होते.

पहिले काम आरशासमोरचे. चांगल्या उजेडात जीभ पूर्ण बाहेर काढा. निरोगी जीभ मखमलीसारखी खरखरीत दिसते, कारण तिच्यावर असंख्य बारीक उंचवटे असतात. या उंचवट्यांच्या पेशी सतत झिजतात आणि नव्या तयार होतात. लोह, बी १२ किंवा फोलेट कमी पडले की नव्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत, उंचवटे झिजत जातात आणि जीभ कडेपासून तुकतुकीत दिसू लागते. गरम किंवा तिखट घास लगेच झोंबतो. लोह कमी असताना जीभ बहुधा फिकट दिसते आणि बी १२ कमी असताना लालभडक. पण रंगावरून निदान करू नका, अपवाद खूप आहेत.

मग ओठांचे कोपरे बघा. चीर दोन्ही बाजूंना आहे का? कमतरतेतली चीर बहुधा दोन्हीकडे असते. मात्र सैल कवळी, ओठ चाटण्याची सवय, तोंडातली बुरशी आणि मधुमेह यांमुळेही कोपरे चिरतात. लोह कमी असलेल्या माणसाच्या चिरेत बुरशी सहज वाढते, त्यामुळे मलमाने कोपरा बरा झाला तरी मूळ कारण तसेच राहू शकते. एकाच जागची जखम किंवा जिभेवरचा कडक भाग तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर ती वेगळी बाब आहे. तो डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना लवकर दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी सांगायला विसरू नका: मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, मांस-मासे-अंडी-दूध आहारात कितपत आहे, आणि कोणती औषधे वर्षानुवर्षे चालू आहेत. मधुमेहाचे मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास बी १२ कमी होऊ शकते.

तपासण्या साधारण अशा होतात: रक्तपेशींची मोजणी करणारी सीबीसी, फेरिटिन, बी १२, फोलेट आणि सोबत रक्तातली साखर. सीबीसीमधल्या हिमोग्लोबिनवरच थांबू नका. साठ्यातले लोह आधी संपते, हिमोग्लोबिन नंतर उतरते. साठा कळतो तो फेरिटिनवरून.

एक काल्पनिक रिपोर्ट घेऊ. पंचेचाळिशीची बाई, हिमोग्लोबिन ११.२, म्हणजे प्रौढ स्त्रीसाठीच्या १२ या मर्यादेखाली. लाल पेशींचा सरासरी आकार सांगणारा एमसीव्ही ८८. तो ८० ते १०० मध्ये बसतो, म्हणून कुणीही 'किरकोळ आहे' म्हणेल. पण पेशींच्या आकारातला फरक सांगणारा आरडीडब्ल्यू १८ आहे, म्हणजे वाढलेला. लोह कमी असले की पेशी लहान होतात, बी १२ कमी असले की मोठ्या. दोन्ही कमी असतील तर सरासरी मधोमध येते आणि कमतरता झाकली जाते. पुढे फेरिटिन ९ आणि बी १२ ची पातळी १४० आली, तेव्हा दोन्ही कमतरता उघड झाल्या.

आकडे वाचताना दोन अडचणी येतात. अंगात ताप किंवा सूज असेल तर लोह कमी असूनही फेरिटिन वाढलेले दिसते. बी १२ साधारण २०० ते ३०० च्या मधे आले तर त्यावरून ठाम काही सांगता येत नाही, अशा वेळी बी १२ कमी पडल्यावर रक्तात वाढणाऱ्या मिथाइलमॅलोनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीनची तपासणी मदत करते.

गोळ्या आधी का घेऊ नयेत, याचे उत्तर इथेच आहे. बी १२ घेतल्यावर त्याची रक्तातली पातळी वाढते आणि मूळ कमतरता दिसत नाही. त्याहून धोकादायक म्हणजे नुसते फॉलिक ॲसिड, म्हणजे गोळीतले फोलेट. बी १२ कमी असताना त्याने हिमोग्लोबिन सुधारते, पण नसांचे नुकसान चालूच राहते. हातापायांना मुंग्या येत असतील किंवा चालताना तोल जात असेल तर ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. अशा वेळी तपासणीसाठी रक्त दिल्यावर रिपोर्टची वाट न बघता बी १२ सुरू केले जाऊ शकते.

कमतरता सापडली तरी कारण शोधायचे राहतेच. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोह कमी निघाले, तर पोटात किंवा आतड्यात कुठे रक्तस्राव होतो का हे तपासायलाच हवे. बी १२ चे शोषण होत नसेल तर त्या शोषणासाठी लागणाऱ्या इंट्रिन्सिक फॅक्टर या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी सांगतात. लोहही शोषले जात नसेल तर सिलिॲक आजारासाठी, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजारासाठी, रक्त तपासतात.

उपचारानंतर जीभ हिमोग्लोबिनच्या आधीच बरी वाटू लागते, कधी काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत. तेवढ्यावर लोहाच्या गोळ्या बंद करू नका. हिमोग्लोबिन भरल्यावर साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने त्या आणखी घ्याव्या लागतात, आणि मग फेरिटिन पुन्हा तपासून घ्यावे.