भिंतीवरच्या सुभाषितातून झोपेचं वेळापत्रक कसं काढावं

‘लवकर निजे, लवकर उठे’ ही ओळ पाठ नसलेला विद्यार्थी आपल्याकडे विरळाच. पण घरात ऐकू येतो तो तिचा दुसराच अर्धा भाग. पहिला भाग कुणी पाळत नाही आणि मग पहाटेचा गजर पाच वेळा पुढे ढकलला जातो. म्हणून सुभाषित भिंतीवर लावण्याआधी त्यातून स्वतःच्या वेळा काढून घ्याव्यात.

आधी सुभाषित पुरतं वाचा. ‘अष्टांगहृदया’तलं ‘ब्राह्मे मुहूर्त उत्तिष्ठेत्’ हे वचन दाखवून मुलांना चारला उठवतात. ते वचन निरोगी माणसासाठी आहे आणि त्यात घड्याळातली वेळ कुठेही दिलेली नाही. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या सुमारे ९६ मिनिटं आधी सुरू होतो. जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या जरा पुढे उगवतो, म्हणजे तेव्हा ही वेळ साडेपाचच्या आसपास येते. विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांत ‘श्वाननिद्रा’ आहे. तिचा अर्थ सावध झोप असा घेतात. चार तासांत उरकायची झोप असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. आणि गीतेच्या सहाव्या अध्यायात तर अती झोपणारा आणि अती जागणारा, दोघांनाही योग साधत नाही असं स्पष्ट सांगितलंय. मला विद्यार्थ्यासाठी सगळ्यात उपयोगी वाटतं ते हेच.

आता उलटा हिशोब मांडा. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. शिवाय या वयात शरीराचं घड्याळच थोडं पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते. मूल आळशी आहे असं म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं.

समजा, पुण्यातली अकरावीची मुलगी आहे. कॉलेज सव्वासातला, बस ६:३५ ला, म्हणजे ५:४५ ला उठणं भाग आहे. संध्याकाळचा क्लास सुटून ती नऊला घरी येते, सव्वानऊला जेवते. मग उरलेला गृहपाठ, मोबाइल, आणि झोपायला सव्वाबारा. झोप होते साडेपाच तास. आठ तास हवेत तर तिने पावणेदहाला झोपायला हवं, आणि ते तिच्या घरात जमणारं नाही. जमणारी वेळ आहे साडेदहा. त्यातून सव्वासात तास मिळतात. दुपारी जेवणानंतर सव्वादोन ते पावणेतीन पडून घेतलं की पावणेआठ झाले. पुरते आठ नाहीत, पण रोज निभतील असे आहेत. दुपारची डुलकी मात्र अर्ध्या तासापुढे किंवा चारनंतर नको. रात्री झोप उशिरा येते.

सव्वाबाराची साडेदहा एका रात्रीत होत नाही. अंथरुणात नुसतं तळमळत पडावं लागतं आणि तिसऱ्या दिवशी सगळं बारगळतं. उठण्याची वेळ पक्की ठेवा आणि झोपण्याची वेळ दर दोन दिवसांनी १५ मिनिटं मागे आणा. या मुलीला दोन आठवडे लागतील. रात्रीचा गृहपाठ दुपारी तीन ते सहामध्ये हलवावा लागेल, नाहीतर साडेदहा कागदावरच राहतील. पाचनंतर चहा बंद. मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकघरात, आणि गजराला साधं घड्याळ. उठल्यावर पाच-दहा मिनिटं गॅलरीत उजेडात उभं राहावं, सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ जागेवर येतं.

रविवारी तासभर जास्त झोपलं तर चालतं. पण दर रविवारी दोन-तीन तास जास्त झोप लागत असेल, किंवा पहिल्याच तासाला वर्गात डोळे मिटत असतील, तर आठवड्यात झोप कमी पडतेय असं समजा आणि झोपण्याची वेळ आणखी मागे आणा. वेळेवर झोपूनही आठवडेच्या आठवडे थकवा जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

मग भिंतीवर लावायची ओळ स्वतःची लिहा, आणि तिच्यात रात्रीची वेळ आधी येऊ द्या:

‘साडेदहाला दिवा बंद, पावणेसहाला पाय जमिनीवर.’

‘रात्र जागलास, तर पहाट मागू नकोस.’

‘झोपेतून उसना घेतलेला तास वर्गात फेडावा लागतो.’

‘चारला उठणाऱ्याला विचार, निजलास किती वाजता?’

परीक्षेतही हीच ओळ राहू द्या. बोर्डाचा सकाळचा पेपर अकराला असतो, त्यासाठी तीनला उठायचं कारण नाही. वाचलेलं झोपेत पक्कं होतं, म्हणून आदल्या रात्री शेवटचा धडा राहिला तरी साडेदहाला पुस्तक मिटा. तो धडा सकाळी सहा ते साडेसातमध्ये होतो.