आलेखावरून शिरोबिंदू चुकतो? आधी मुळे वाचा

फोंड्याला मी दहावीची शिकवणी घेते. y = x² − 3x − 4 चा आलेख दिला की मुलांची मुळे बरोबर येत, शिरोबिंदू मात्र कुणी (1, −6) लिही, कुणी (2, −6). x च्या 1 आणि 2 या दोन्ही किमतींना y = −6 च येते. मुले ते दोन बिंदू पट्टीने जोडून वक्राचा तळ सपाट करत. पेन्सिलीला टोक काढून झाले, मोठे प्रमाण घेऊन झाले, पूर्णांकी बिंदूही वाढवले. तळ सपाटच! वैताग आला होता.

शेवटी वाचायचा क्रम बदलला. वक्र x-अक्षाला छेदतो ती मुळे आधी: −1 आणि 4. त्यांचा मध्य 1.5, तिथून फिकट उभी रेषा, म्हणजे सममितीचा अक्ष. शिरोबिंदू याच रेषेवर असणार. आता x = 1.5 घालून y काढायचा: 2.25 − 4.5 − 4 = −6.25. हा बिंदू मांडला की तळ आपोआप गोल होतो.

y-अक्षावरचा छेद (0, −4) पडताळ्याला वापरा. अक्षापलीकडे तेवढ्याच अंतरावर (3, −4) वक्रावर सापडायलाच हवा. नसेल तर एखादा बिंदू चुकीचा मांडलाय.

समीकरण न देता नुसता छापील वक्र दिला असेल, तर y अंदाजेच मिळतो. 1 सेंमी = 2 एकक असेल तर मिलिमीटरचे एक घर 0.2 चे, त्यामुळे −6.2 किंवा −6.3 इथवरच वाचता येते. वक्र x-अक्षाला टेकतच नसेल, तर समान उंचीवरचे कुठलेही दोन बिंदू घ्या, मध्य तोच.