परवा, काल, उद्या : वार ओळखण्याच्या प्रश्नांत या चुका टाळा

बुद्धिमत्ता चाचणीतील वारांचे प्रश्न सोपे समजले जातात आणि म्हणूनच ते घाईने सोडवले जातात. ठाण्यात भरतीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या सराव उत्तरपत्रिका मी नियमित तपासतो. त्यांत एकच चूक इतक्या वेळा दिसते की बाकीच्या चुकांचे मला फारसे वाटेनासे झाले आहे.

पुढील दोन वाक्ये पाहा. ‘येत्या परवाचा आदला दिवस’ आणि ‘येता परवा जेव्हा काल होईल तो दिवस’. दोन्हींत परवा आहे आणि दोन्हींत एक दिवस मागे जाण्याची भाषा आहे, म्हणून घाईत वाचणारा विद्यार्थी दोन्हींना एकाच मापाने मोजतो. आजचा दिवस शून्य धरला तर येता परवा २ वर येतो. त्याचा आदला दिवस १ वर, म्हणजे उद्या. दुसऱ्या वाक्यात मात्र परवाला ‘काल’ म्हणणारा माणूस परवाच्या पुढे एक दिवस उभा असला पाहिजे, म्हणून तो दिवस ३ वर येतो. ‘च्या’ने जोडलेली साखळी आपल्याला त्या दिवसाकडे नेते, तर ‘होईल’ किंवा ‘होता’ असलेले वाक्य आपल्याला नव्या ‘आज’वर उभे करते, आणि तिथे चिन्ह उलटते.

हा भेद न कळताही उत्तर बरोबर येऊ शकते, हा खरा त्रास आहे. नौपाड्यातील एका वर्गाच्या सराव परीक्षेत एक जुना प्रसिद्ध प्रश्न होता : येता परवा जेव्हा काल होईल, तेव्हाचा ‘आज’ रविवारपासून जितका दूर असेल, तितकाच दूर गेला परवा जेव्हा उद्या होता, तेव्हाचा ‘आज’ होता, तर आज कोणता वार? योग्य मांडणीत पहिला दिवस ३ पुढे आणि दुसरा ३ मागे येतो. दोन्ही रविवारपासून समान अंतरावर असायचे, तर आज रविवारच हवा. कळव्याहून येणाऱ्या एका मुलाने सर्व शब्दांची सरळ बेरीज केली : परवाचे अधिक २, कालचे उणे १, म्हणून १ पुढे, दुसऱ्या बाजूला तसेच १ मागे. उत्तर रविवारच आले, गुणही मिळाले. प्रश्न दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे चूक चुकीला खाऊन गेली होती. मी त्याची मांडणी खोडली, तेव्हा तो म्हणाला, “सर, उत्तर आलं ना, मग पद्धत कशाला बघायची?”

पुढच्या सरावात प्रश्न एकाच बाजूचा होता : येता परवा जेव्हा काल होईल, तेव्हा गुरुवार असेल, तर आज कोणता वार? त्याने आपल्या बेरजेप्रमाणे १ वर गुरुवार ठेवला आणि बुधवार लिहिले. गुरुवार ३ वर आहे, म्हणून आजचा वार शोधताना गुरुवारपासून ३ दिवस मागे यावे लागते, आणि उत्तर सोमवार येते. येथे आणखी एक जण ३ बरोबर काढूनही पुढे मोजत गेला आणि रविवारवर पोहोचला. प्रश्न रचणारा अनुभवी असेल तर पर्यायांत बुधवार आणि रविवार दोन्ही ठेवतो, म्हणून आपले उत्तर पर्यायांत सापडणे हा त्याच्या अचूकपणाचा पुरावा मानू नये.

माझी सवय अगदी साधी आहे. कच्च्या कामाच्या जागेत मी उणे ३ पासून अधिक ३ पर्यंत आकडे एका ओळीत लिहितो, आज शून्यावर ठेवतो आणि उत्तर आले की तेच मूळ वाक्यात घालून वाचतो : आज सोमवार, परवा बुधवार, बुधवार ‘काल’ झाला म्हणजे गुरुवार आला, वाक्य जुळले. यास काही सेकंद लागतात. ‘काल आणि उद्या एकमेकांना काटा’ अशी युक्ती शिकवणारे व्हिडिओ केवळ ‘च्या’च्या साखळीपुरते खरे आहेत, पण तेवढे सांगण्याचा धीर त्यांच्यात नसतो.

इतर चुका थोडक्यात. ‘बुधवारनंतरचा पाचवा दिवस’ सोमवार असतो, पण बुधवार पहिला धरून पाचवा दिवस रविवार. प्रश्नात ‘नंतर’ आहे की ‘धरून’, हे पाहावे. शंभर दिवसांनंतरचा वार विचारला तर ७ ने भागून उरलेले २ दिवसच पुढे जावे.

‘कालचा दिवस उद्या असता, तर आज शुक्रवार असता’ हा प्रश्न मात्र वेगळा आहे. खरा काल शुक्रवारचा उद्या, म्हणजे शनिवार, धरला तर आज रविवार येतो. उलट, खरा उद्या शुक्रवारचा काल, म्हणजे गुरुवार, धरला तर आज बुधवार. वाक्याचा सरळ अर्थ पहिला आहे, म्हणून दोन्ही पर्याय दिलेले असतील तर मी रविवारवर खूण करतो आणि एकच असेल तर तो घेऊन पुढे जातो.